पहिल्या सादरीकरणाआधी मनातल्या मनात काय म्हणायचं

पहिल्यांदाच लोकांसमोर बोलायला उभ्या राहणाऱ्या माणसाला आजूबाजूचे सगळे सांगतात, 'घाबरू नको, शांत राहा, मस्त होईल.' मग तोही खुर्चीत बसल्या बसल्या हेच मनात घोळवत राहतो. नाव पुकारलं जाईपर्यंत भीती उतरलेली नसते. वर आता आणखी एक काळजी सुरू होते, की एवढं म्हणूनही शांत का वाटत नाही? दोष त्या माणसाचा नसतो, वाक्यांचा असतो. मनात म्हणायची वाक्यं निवडावी लागतात, तपासावी लागतात आणि त्यांची वेळही ठरवावी लागते. भाषणाची तयारी करून घेताना आम्ही हे काम कसं करतो, ते एका उदाहरणावरून सांगतो.

उदाहरण एका देखभाल विभागातल्या पर्यवेक्षक बाईंचं आहे. एक पंप वारंवार बंद का पडतो, यावर त्यांना 10 मिनिटं बोलायचं होतं. 8 स्लाइड, समोर 50 च्या आसपास माणसं आणि पहिल्या रांगेत वरिष्ठ. विषय त्यांच्या हातातला होता. तो पंप त्यांनी कितीदा तरी उघडून पुन्हा बसवला होता. भीती पंपाची नव्हती, उभं राहण्याची होती. हा फरक आधी बघून घ्यावा लागतो. ज्याची मांडणीच अर्धवट आहे, त्याने मनातल्या वाक्यांवर वेळ घालवू नये. त्याची भीती बरोबर सांगते आहे आणि तिचा उपाय म्हणजे मांडणी पूर्ण करणं.

सुरुवात नवी वाक्यं रचण्यापासून करायची नाही. मन आधीपासून काय म्हणतंय, ते कागदावर उतरवायचं, ते ज्या शब्दांत म्हणतं त्याच शब्दांत. बाईंच्या कागदावर तीन वाक्यं आली: 'माझं डोकं कोरं होणार.' 'माझा आवाज कापणार आणि सगळ्यांना कळणार.' 'साहेब काहीतरी विचारतील आणि मी गप्प उभी राहणार.' चौथं एक वाक्य खोडलेलं होतं, 'मला हे जमत नाही.' ते आम्ही बाजूला ठेवलं. पहिली तीन विशिष्ट क्षणांबद्दल आहेत, त्यांना उत्तर देता येतं. चौथं स्वतःबद्दलचा निकाल आहे. निकालाशी वाद घालायला गेलं की तो जास्तच पक्का होतो.

त्या निकालाला उत्तर म्हणून बाईंनी स्वतःच एक वाक्य लिहून आणलं होतं: 'मी उत्तम वक्ता आहे.' अशी वाक्यं कुठे अडतात, हे त्यांना तिथल्या तिथे दाखवता आलं. वाक्य मनात म्हणायचं, मग दोन श्वास थांबायचं आणि मन काय उत्तर देतं ते ऐकायचं. उत्तर लगेच आलं: 'कधीपासून?' मन ज्याला उलटून बोलतं, ते वाक्य कामाचं नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना 'मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे' असं वाक्य परत परत म्हणायला लावल्यावर त्यांना आणखी वाईट वाटलं. वाक्य मोठं आणि विश्वास छोटा असला की मधल्या अंतराकडेच लक्ष जातं. म्हणून आमची पहिली चाळणी हीच: दोन श्वास थांबायचं आणि मन 'बरं, हे खरं आहे' म्हणतं का ते बघायचं. 'वा!' म्हणायची गरज नाही, 'बरं' पुरतं.

दुसऱ्या चाळणीत 'नको'वाल्या आज्ञा गळतात. 'घाबरू नको', 'विसरू नको', 'आवाज कापू देऊ नको'. अशी आज्ञा पाळली जातेय का हे बघायला मनाला तीच गोष्ट सतत शोधत बसावं लागतं. डॅनियल वेगनर यांचा 1987 चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग अनेकांना माहीत असेल: अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्या लोकांच्या मनात ते येतच राहिलं. 'आवाज कापू देऊ नको' म्हणणारी व्यक्ती आपल्या आवाजावर पाळत ठेवते, आणि पाळतीतला आवाज हमखास कापतो. नकार काढून त्या जागी करायची कृती ठेवली की प्रश्न सुटतो. 'आवाज कापू देऊ नको' याचं झालं 'शेवटच्या रांगेशी बोल'. दूरच्या माणसापर्यंत पोचायचं म्हटलं की छातीत जास्त हवा घ्यावी लागते, आणि पुरेशी हवा मिळाली की आवाज आपोआप जरा स्थिर होतो.

तिसऱ्या चाळणीत 'शांत हो' जातं. हे वाक्य सोडायला बहुतेकांना जड जातं. छाती धडधडते आहे, हात गार पडलेत, तोंड कोरडं आहे. शरीर वर चढलेलं आहे आणि शांत म्हणजे थेट तळाशी. दहा मिनिटांत एवढं खाली कुणी उतरत नाही, त्यामुळे दर दोन मिनिटांनी 'अजून नाही झाले शांत' हाच निकाल हाती येतो. त्याच चढलेल्या शरीराला दुसरं नाव देणं मात्र शक्य असतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वूड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये हे तपासून पाहिलं. भाषणाआधी काहींना 'मी शांत आहे' म्हणायला सांगितलं, काहींना 'मी उत्सुक आहे'. उत्सुक म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना अधिक पटणारी वाटली. त्या प्रयोगात वाक्य मोठ्याने म्हटलं होतं आणि आपण ते मनात म्हणतो, हा फरक आहे. आम्ही त्यातून दिशा तेवढी घेतो. शिवाय बाईंच्या मनाने 'मी उत्सुक आहे' यालाही 'कुठे?' असं उलट विचारलं. मग ते उतरवत उतरवत इथवर आलं: 'छाती धडधडतेय. अंग कामाला लागलंय.' यातलं पहिलं वाक्य तर कुणालाच नाकारता येणार नाही. ते खरं असल्यामुळे दुसरंही सोबत स्वीकारलं जातं.

आता वाक्य कुणी कुणाला म्हणायचं? 'मी'ऐवजी 'तू' वापरावं आणि सुरुवातीला स्वतःचं नाव घ्यावं. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या प्रयोगांमध्ये लोकांना तयारीला अगदी थोडा वेळ देऊन भाषण करायला लावलं होतं. ज्यांनी स्वतःशी बोलताना नाव किंवा 'तू' वापरलं, त्यांचं भाषण 'मी' वापरणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं आणि नंतर तेच ते उगाळणंही कमी झालं. नाव घेतलं की माणूस स्वतःपासून हातभर दूर उभा राहतो आणि मैत्रिणीला सांगावं तसं सांगतो. बाईंनी घरी हाक मारतात ते नाव वापरलं. कचेरीतलं पूर्ण नाव त्यांना हजेरी घेतल्यासारखं वाटत होतं, आणि ते बरोबरच आहे. ज्या नावाने आयुष्यभर ओरडा खाल्ला ते घेऊ नये. खालच्या वाक्यांत त्या नावाच्या जागी 'अगं' ठेवलं आहे.

लांबीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अर्धी वाक्यं त्यातच फसतात. मनात शब्द घोळवायला मेंदूची जी जागा लागते ती फार लहान आहे. स्मृतीचे अभ्यासक ॲलन बॅडली यांच्या कामातून ढोबळपणे असं दिसतं, की साधारण दोन सेकंदांत म्हणून होईल तेवढंच बोलणं तिथे नीट टिकतं. वाक्य त्याहून बरंच लांब असलं तर ताणाखाली त्याचं शेपूट गळतं आणि माणूस 'पुढे काय होतं ते' आठवत बसतो. म्हणून एका तुकड्यात पाच-सहा शब्द आणि सहसा दोनच तुकडे. मोजण्याचा सोपा मार्ग असा: सावकाश श्वास सोडायला सुरुवात करायची आणि त्या एकाच श्वासात वाक्य मनात म्हणून व्हायला हवं, घाई न करता.

त्याच लहानशा जागेत भाषणाचं पहिलं वाक्यही राहतं. त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत धीराचं वाक्य घोळवत बसलं तर पहिलं वाक्य तिथून बाहेर ढकललं जातं. माइकसमोर उभं राहिल्यावर 'नमस्कार' नंतर काहीच न सुचणं पुष्कळदा यातून येतं, आणि माणसाला वाटतं भीतीने गिळलं. मनातलं वाक्य कुठे थांबवायचं, हे म्हणून आधीच ठरवलेलं हवं.

बाईंची वाक्यं शेवटी अशी झाली. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी: 'अगं, पहिली दोन वाक्यं पाठ आहेत. बाकी स्लाइडवर आहे.' हे खरं असावं म्हणून पहिली दोन वाक्यं त्यांनी खरोखर अक्षरन्‌अक्षर पाठ केली, बाकीचं नाही. पूर्ण भाषण पाठ करणाऱ्याला एक शब्द निसटला तरी सगळी साखळी तुटल्यासारखं वाटतं.

सभागृहात आपली पाळी यायच्या पंधरा मिनिटं आधीपासून: 'अगं, छाती धडधडतेय. अंग कामाला लागलंय.' हे सलग पंधरा मिनिटं म्हणायचं नाही. तीन श्वास, प्रत्येक श्वास सोडताना एकदा, म्हणजे तीनदा; मग दोन-तीन मिनिटं समोर जो बोलतोय त्याचं ऐकायचं आणि पुन्हा तीनदा. श्वास घेताना काही म्हणायचं नाही. सोडायचा श्वास घेण्यापेक्षा लांब ठेवला की ठोके थोडे खाली येतात, आणि वाक्य त्या सोडण्याला बांधलं की लांबी आपोआप राखली जाते. वाक्य फार वेळा, सलग म्हटलं तर त्याचा अर्थ विरतो आणि नुसता आवाज उरतो. दुसरा धोका याहून वाईट: प्रत्येक वेळी वाक्य संपलं की माणूस आत डोकावून बघतो, भीती गेली का? हे तपासणं सुरू झालं की वाक्याचं गंडादोऱ्यात रूपांतर झालं. ते ओळखायची खूण अशी, की वाक्य म्हणायचा वेग वाढत जातो, खांदे कानांकडे सरकतात आणि ओठ हलू लागतात. तसं झालं तर वाक्य सोडून द्यायचं, पाठ खुर्चीला टेकवायची आणि समोरच्या वक्त्याच्या स्लाइडवरचं एक शीर्षक मनात वाचायचं. लक्ष बाहेर गेलं की मग परत यायचं.

शेवटची दोन मिनिटं, म्हणजे आधीच्या वक्त्याचे प्रश्न सुरू झाले की, वेगळं वाक्य: 'अगं, आत वाटतं तेवढं बाहेर दिसत नाही.' हे आवाज कापण्याच्या भीतीचं उत्तर. दिलासा म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये दाखवलं, की वक्त्याला आपली धास्ती जितकी उघडी पडली असं वाटतं तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. आणि ही गोष्ट भाषणाआधी ज्यांना समजावून सांगितली, त्यांची भाषणं सरस झाली. तरी बाईंना ते अभ्यासावरून पटलं नाही. सरावाचं फोनवर चित्रण केलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच दाखवलं, तेव्हा पटलं. त्यांच्या मते पहिल्या मिनिटात आवाज 'पार गेला होता'. चित्रणात एका शब्दावर किंचित खरखर होती, एवढंच. चित्रण केल्यावर लगेच बघू नये. छाती अजून धडधडत असते आणि कान भीतीच्याच बाजूने ऐकतात.

नाव पुकारल्यावर उठण्यापासून माइकपर्यंतच्या दहा-बारा पावलांसाठी धीराचं काही नाही, फक्त कामाची यादी: 'पाय टेकव. वर बघ. पंप.' शेवटचा शब्द म्हणजे त्यांच्या पहिल्या वाक्याचा पहिला शब्द. 'पंप गेल्या वर्षात वारंवार बंद पडला, आणि कारण दर वेळी एकच होतं' असं ते वाक्य सुरू होत होतं. मनातली बडबड तिथे भाषणाच्या हाती दोरी देते आणि संपते. पाय टेकवणं हे शब्दशः: दोन्ही टाचा जमिनीवर, वजन दोन्हीकडे सारखं, आणि मगच तोंड उघडायचं. या वाक्यात 'अगं' नाही, कारण आता स्वतःकडे बघायची वेळ गेली. लक्ष समोर हवं.

उरल्या दोन भीती, कोरं होणं आणि साहेबांचा प्रश्न. यांना 'असं होणार नाही' म्हणण्यात अर्थ नाही, कारण होऊ शकतं. यासाठी 'तर' असलेली वाक्यं लागतात. 'जेव्हा असं होईल, तेव्हा मी हे करीन' अशी आधीच बांधून ठेवलेली योजना ऐन वेळी निर्णयाचा भार वाचवते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकापासून यावर बरंच काम केलं आहे. बाईंचं पहिलं: 'अडकलीस, तर स्लाइडचं शीर्षक वाच.' यासाठी आठही स्लाइडची शीर्षकं बदलावी लागली. 'विश्लेषण' असं शीर्षक वाचून कुणाला काही सुचत नाही. 'सील दर वेळी त्याच जागी फाटतो' हे वाचलं की पुढचं बोलणं आपोआप येतं. वाक्य मनातलं असलं तरी त्याची सोय बाहेर करून ठेवावी लागते, ती अशी.

दुसरं: 'प्रश्न आला, तर आधी लिहून घे.' हातात पेन आणि कार्ड. लिहायला चार सेकंद लागतात, ते ऐकणाऱ्यांना आदरासारखे दिसतात आणि बाईंना एक पूर्ण श्वास मिळतो. उत्तर माहीत नसेल तर मोठ्याने म्हणायचं वाक्यही ठरलेलं होतं: 'हे तपासून उद्यापर्यंत कळवते.' अशी ठरवलेली वाक्यं दोनच ठेवावीत. पाच-सहा केली की ऐन वेळी त्यांतलं कुठलं, हाच गोंधळ होतो. वीज जाईल, प्रोजेक्टर बंद पडेल, माइक बिघडेल या गोष्टी वाक्यांनी नव्हे, छापील प्रतींनी सांभाळायच्या.

सरावात बहुतेकांची एक चूक होते. वाक्यं घरी, निवांत बसून पाठ केली जातात आणि सभागृहात ती आठवतच नाहीत, कारण धडधडत्या छातीशी त्यांची ओळखच झालेली नसते. म्हणून सराव धाप लागलेली असताना करायचा. जिन्याचे दोन मजले भरभर चढायचे, वर पोचून उभं राहायचं, तीन श्वासांत 'छाती धडधडतेय' हे वाक्य तीनदा, मग 'पाय टेकव. वर बघ. पंप.' आणि लगेच पहिली दोन वाक्यं मोठ्याने. दिवसातून दोन फेऱ्या, आठवडाभर पुरे. गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी जिना सोडावा. सहकाऱ्यांपैकी तिघांना समोर बसवून पहिलं मिनिट म्हणून दाखवलं तरी छाती पुरेशी धडधडते. पहिल्या फेऱ्यांना बाई धापेतच वाक्य उरकत होत्या. ते श्वास सोडण्याशी जुळायला तीन दिवस लागले.

प्रत्यक्ष दिवशी एक गोष्ट योजनेबाहेर झाली: आधीचा वक्ता आला नाही आणि बाईंना वेळेआधीच बोलावलं. मधली सगळी वाक्यं राहून गेली. 'पाय टेकव. वर बघ. पंप.' तेवढं म्हणता आलं, आणि तेवढ्यावर निभावलं. आमच्या मते या सगळ्यांतलं एकच ठेवायचं असेल तर तेच ठेवावं, कारण बाकीची वाक्यं वाट बघणं सुसह्य करतात, हे बोलणं सुरू करून देतं. पहिलं मिनिट त्यांना जड गेलं, तसं ते जातंच. ठोके सहसा बोलायला सुरुवात करतानाच सर्वांत वर असतात आणि मग हळूहळू उतरतात. हे आधी सांगितलेलं नसेल तर वक्ता पहिल्या अर्ध्या मिनिटावरूनच सगळं फसलं असं ठरवून टाकतो आणि पुढचं गुंडाळतो. पाचव्या स्लाइडवर त्या एकदा अडकल्या, शीर्षक वाचलं, पुढे गेल्या. साहेबांनी प्रश्न विचारला तो सीलच्या किमतीबद्दल. तो लिहून घेतला आणि उत्तर त्यांना माहीत होतं.

या वाक्यांची झेप कुठवर आहे तेही सांगायला हवं. बोलायचं आहे या विचाराने आठवडेच्या आठवडे झोप जात असेल, त्यापायी काम किंवा शिक्षण सोडायची वेळ येत असेल, अचानक श्वास कोंडून भोवळ येत असेल, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जावं. त्यांच्याकडे या भीतीवर नीट उपचार असतात आणि स्वतःशी कसं बोलायचं हे त्यांतही शिकवलं जातं, पण टप्प्याटप्प्याने आणि सोबतीने.

भाषण संपल्यावर जागेवर येऊन बसलं की मन लगेच निकालपत्र वाचायला घेतं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड माइकेनबाउम यांनी 1970 च्या दशकात ताणाला तोंड देण्याचं जे प्रशिक्षण रचलं, त्यात प्रसंगानंतरच्या स्वसंवादालाही वेगळी जागा दिली होती, ती याचसाठी. बाईंसाठी ते वाक्य होतं: 'अगं, काय ठेवायचं, काय बदलायचं?' आणि उत्तर त्याच कार्डाच्या मागे दोन ओळींत लिहायचं. त्यांनी लिहिलं: शीर्षकं ठेवायची, 'अंग कामाला लागलंय' बदलायचं, कारण दिवसभर कामावर असलेल्या बाईला त्याने दमल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी त्या जागी 'अंग तयार होतंय' आलं.